झाड किती उंच होणार? वीस, पंचवीस आणि पन्नास यांची गोष्ट

आजच्या भागात एका झाडाची गोष्ट आहे. हे झाड कंप्युटरच्या मेमरीत वाढतं, त्याचं मूळ वरच्या बाजूला असतं आणि फांद्या खाली येतात. त्याला म्हणतात बायनरी सर्च ट्री. १९६० साली या झाडाबद्दल एक साधा प्रश्न विचारला गेला आणि त्याचं अर्धं उत्तर लगेच मिळालं. उरलेल्या अर्ध्या उत्तरासाठी मात्र १९८६ साल उजाडलं, आणि शेवटचा धागा सुटला तो २००३ मध्ये. एवढा वेळ का लागला, आणि त्यातून काय हाती आलं, ते आज बघू.

आधी झाड समजून घेऊ. समजा ४०, २०, ६०, १०, ३०, ५०, ७० या संख्या याच क्रमाने येतायत. पहिली आली ४०, ती मुळाशी बसली. मग २० आली. ती ४० पेक्षा लहान, म्हणून डावीकडे. ६० मोठी, म्हणून उजवीकडे. १० ला आधी ४० विचारतो, "लहान की मोठी?" लहान. मग २० विचारतो. पुन्हा लहान. म्हणून ती २० च्या डावीकडे बसते. नियम एवढाच: प्रत्येक नवी संख्या मुळापासून उतरत जाते आणि पहिली रिकामी जागा मिळाली की तिथे बसते. शोधतानाही हाच रस्ता. वरच्या क्रमाने सात संख्यांचं झाड तीन थरांचं होतं, म्हणजे कुठलीही संख्या तीन तुलनांत सापडते.

आता त्याच सात संख्या चढत्या क्रमाने द्या: १०, २०, ३०, ४०… प्रत्येक नवी संख्या आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठी, म्हणून उजवीकडे, पुन्हा उजवीकडे, पुन्हा उजवीकडे. झाडाची शिडी झाली. सात संख्या, सात थर. दहा लाख नोंदी असल्या तर दहा लाख थर. आणि नीट भरलेलं झाड असतं तर? प्रत्येक थरावर जागा दुप्पट होतात, आणि एकाला वीस वेळा दुप्पट केलं की १०,४८,५७६ होतात. म्हणजे दहा लाख नोंदी फक्त २० थरांत मावतात. "किती वेळा दुप्पट करावं लागेल" या संख्येलाच गणितात लॉगॅरिदम म्हणतात. आपण तिला आज 'दुप्पट-पायऱ्या' म्हणू. दहा लाखाच्या दुप्पट-पायऱ्या २०.

तर एका टोकाला २०, दुसऱ्या टोकाला दहा लाख. खरा प्रश्न मधला आहे: नोंदी कुठल्याही क्रमाने, पत्ते पिसल्यासारख्या आल्या, तर झाड कुठल्या टोकाकडे झुकेल?

१९६० साली ब्रिटनमध्ये पी. एफ. विंडली यांनी, आणि त्याच वर्षी बूथ आणि कॉलिन या जोडीने, यावर लेख लिहिले. १९६२ मध्ये अमेरिकेत थॉमस हिबर्ड यांनीही. त्या काळी मेमरी महाग होती, शब्दांची यादी मशीनमध्ये कशी ठेवायची हा रोजचा प्रश्न होता, आणि झाडाची पद्धत मोहक होती, कारण नवी नोंद घालताना बाकीच्या नोंदी सरकवाव्या लागत नाहीत. या मंडळींनी मोजली ती सरासरी: एखादी नोंद शोधायला साधारण किती तुलना लागतील?

हे उत्तर आज एका युक्तीने दोन मिनिटांत निघतं. झाडातली एक नोंद घ्या, समजा ५००. तिच्यापर्यंत पोचताना वाटेत ५०३ भेटेल का? विचार करा. ५००, ५०१, ५०२, ५०३ या चौघांपैकी सगळ्यात आधी ५०३ आली असेल तरच भेटेल. ५०१ किंवा ५०२ आधी आली असेल, तर तिनेच ५०० ला डावीकडे आणि ५०३ ला उजवीकडे पाठवलं, दोघांची ताटातूट झाली. आणि ५०० स्वतःच आधी आली असेल, तर ५०३ तिच्या खाली बसणार, वर नाही. क्रम पिसलेला असेल तर चौघांपैकी कोणीही आधी येण्याची शक्यता सारखी, म्हणून ५०३ भेटण्याची शक्यता चारात एक. शेजारची ५०१ भेटण्याची दोनात एक. शंभर घरं लांबची नोंद भेटण्याची १०१ मध्ये एक. म्हणजे वाटेत भेटणाऱ्यांची सरासरी संख्या अशी:

एक द्वितीयांश + एक तृतीयांश + एक चतुर्थांश + … आणि हेच दुसऱ्या बाजूलाही.

ही बेरीज फार म्हणजे फारच हळू वाढते, लॉगॅरिदमच्याच चालीने. हिशोब केला की सरासरी निघते दुप्पट-पायऱ्यांच्या सुमारे १.३८६ पट, आणि त्यातून थोडं वजा. दहा लाख नोंदींसाठी वाटेत सरासरी २५ नोंदी भेटतात. नीट भरलेल्या झाडाला लागतात साधारण १९ ते २०. काहीही काळजी न घेता, नुसता क्रम पिसलेला असला की एवढं स्वस्तात मिळतं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण सरासरी म्हणजे उंची नव्हे. वर्गाची सरासरी उंची पाच फूट असली तरी दरवाजा सगळ्यात उंच मुलाला पुरेल एवढा लागतो. झाडाची उंची म्हणजे सगळ्यात खोल बसलेल्या नोंदीपर्यंतचे थर. आणि ती नोंद नेमकी कुठे असेल हे आधी ठरलेलं नसतं. दहा लाख वाटा आहेत, त्यातली जी सगळ्यात दुर्दैवी निघेल ती उंची ठरवते. वरची युक्ती एका ठरावीक नोंदीबद्दल बोलते, सगळ्यात दुर्दैवी नोंदीबद्दल तिला काही सांगता येत नाही.

हा नुसता कागदावरचा प्रश्न नव्हता. १९६१ मध्ये टोनी होर यांनी क्विकसॉर्ट प्रसिद्ध केला. त्यातही एक संख्या निवडून बाकीच्या डाव्या-उजव्या गटांत वाटतात आणि मग त्या गटांना पुन्हा तसंच वाटतात. कागदावर काढून बघा, तेच झाड तयार होतं. झाडाची उंची म्हणजे क्विकसॉर्ट स्वतःला एकात एक किती खोल बोलावतो, ती खोली. ती अंदाजापलीकडे गेली तर राखून ठेवलेली मेमरी संपून प्रोग्राम कोसळतो. आणि १९६२ मध्ये सोव्हिएत संघात अॅडेल्सन-वेल्स्की आणि लँडिस यांनी वेगळाच मार्ग धरला: झाड एका बाजूला कललं की लगेच फिरवून सरळ करायचं. उंचीची खात्री मिळते, पण प्रत्येक नोंदीला जास्तीचा हिशोब आणि जास्तीचा कोड लागतो. मग प्रश्न उरतोच: पिसलेल्या क्रमावर विसंबलो तर चालेल का?

आता आजच्या भागाचा गाभा. उंची आटोक्यात राहते हे दाखवायचा एक सोपा हिशोब आहे. त्यासाठी भरलेल्या नोंदी बाजूला ठेवा आणि रिकाम्या जागांकडे बघा.

झाडात कुणीच नसताना एक रिकामी जागा असते. एक नोंद बसली की ती जागा जाते आणि तिच्याखाली दोन नव्या तयार होतात. म्हणून पहिल्या नोंदीच्या वेळी एक रिकामी जागा, दुसऱ्या नोंदीच्या वेळी दोन, तिसरीच्या वेळी तीन. आणि पिसलेल्या क्रमात नवी नोंद यातल्या कुठल्याही जागी सारख्याच शक्यतेने जाते. का? कारण आधीच्या दोन नोंदी ओळीत उभ्या केल्या तर नवी नोंद त्यांच्या आधी, मधे किंवा नंतर येऊ शकते, तिन्ही शक्यता सारख्या. आणि ओळीतली प्रत्येक फट म्हणजे झाडातली बरोबर एक रिकामी जागा.

आता प्रत्येक रिकाम्या जागेला गुण द्या. सुरुवातीच्या जागेला १, एक थर खाली गेलं की २, मग ४, मग ८. जितकी खोल जागा, तितके दुपटीने गुण. नवी नोंद एखाद्या जागी बसली की त्या जागेचे गुण जातात, पण तिच्या दोन्ही नव्या जागांना प्रत्येकी दुप्पट मिळतात. म्हणजे तिथले गुण चौपट झाले, तीन पटींची भर पडली. जागा कुठलीही सारख्या शक्यतेने निवडली जाते, म्हणून तीन जागा असताना एकूण गुणांत सरासरी भर पडते तीन भागिले तीन पट, दहा जागा असताना तीन भागिले दहा पट, आणि हजार जागा असताना फक्त तीन भागिले हजार पट. झाड जितकं मोठं, तितकं एक नोंद त्याला कमी हलवते. सगळं रहस्य इथे आहे.

तीन नोंदींचा हिशोब करून बघू. सुरुवातीला गुण १. पहिल्या नोंदीनंतर दोन जागा, प्रत्येकी २, एकूण ४. दुसरी नोंद कुठेही बसो, एकूण २ + ४ + ४ म्हणजे १०. तिसरी नोंद तीनपैकी एका जागी जाणार. वरच्या जागी गेली तर झाड नीट भरतं, चार जागा, प्रत्येकी ४, एकूण १६. खालच्या दोनपैकी एकीत गेली तर साखळी होते, एकूण २ + ४ + ८ + ८ म्हणजे २२. सरासरी काढा: १६ एकदा, २२ दोनदा, भागिले तीन. उत्तर २०. आणि आपल्या नियमानेही तेच: तीन जागा होत्या, म्हणून १० मध्ये सरासरी एक पट भर, म्हणजे २०. हिशोब जुळला.

असंच पुढे गेलं की n नोंदींनंतर गुणांची सरासरी निघते

```
(n+1)(n+2)(n+3) / 6
```

म्हणजे साधारण n च्या घनाचा सहावा भाग. दहा लाख नोंदींसाठी हे होतात सुमारे १.६७ गुणिले १० चा १७ वा घात. संख्या मोठी वाटते, पण ७० थर खोल असलेली एकच जागा एकटी किती गुण घेते बघा: २ चा ७० वा घात, म्हणजे सुमारे १.१८ गुणिले १० चा २१ वा घात. सरासरीच्या सुमारे सात हजार पट! सरासरी जर एवढी लहान आहे, तर सात हजार झाडांत जास्तीत जास्त एखादंच झाड ७० थरांपर्यंत पोचू शकतं. त्याहून जास्त पोचली असती तर सरासरीच वर गेली असती.

हाच हिशोब कुठल्याही n साठी चालतो. घन म्हणजे n स्वतःशी तीनदा, म्हणून उंचीची मर्यादा दुप्पट-पायऱ्यांच्या तिप्पट. झाड लॉगॅरिदमच्या जवळ राहतं ते या कारणाने. खोलवर जाण्याची शिक्षा दुपटीने वाढते, आणि एकूण गुण मात्र फक्त n च्या घनासारखे वाढतात.

आता इतिहासाकडे परत. १९७९ मध्ये जे. एम. रॉबसन यांनी 'ऑस्ट्रेलियन कम्प्युटर जर्नल'मध्ये या उंचीवर लेख लिहिला. आपण गुण प्रत्येक थराला दुप्पट केले. पण दुप्पटच का? २.१ पट केले तर? २.३ पट केले तर? प्रत्येक वेळी वेगळी मर्यादा मिळते, आणि सगळ्यात घट्ट मर्यादा मिळते ती सुमारे २.१५५ पट केल्यावर. तेव्हा तीनच्या जागी २.९८८ येतं. पुस्तकांत ही संख्या नैसर्गिक लॉगॅरिदमच्या भाषेत ४.३११ अशी लिहिलेली दिसेल, पण गोष्ट एकच. रॉबसन यांच्या लेखातली वरची मर्यादा हीच. आपला दुपटीचा ढोबळ हिशोब तिच्यापासून अर्धा टक्कासुद्धा लांब नाही.

पण ही झाली वरची मर्यादा. उंची याहून जास्त होत नाही एवढं कळलं. ती खरंच एवढी होते का? ही खात्री गुणांच्या सरासरीतून मिळत नाही. कारण सरासरी काही मोजक्या विचित्र झाडांनी फुगवलेली असू शकते, आणि बाकीची सगळी झाडं बरीच बुटकी असू शकतात. १९८४ मध्ये बोरिस पिटेल यांनी दाखवलं की उंची आणि लॉगॅरिदम यांचं गुणोत्तर एका ठरावीक संख्येवर स्थिरावतं. पण ती संख्या नेमकी कोणती, हे बाकी होतं.

ते काम १९८६ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या लुक डेव्रॉय यांनी केलं, आणि त्यांची दृष्टी अगदी वेगळी होती. कल्पना करा, एक लांब काठी आहे. ती कुठेही अचानक मोडा. दोन तुकडे झाले. दोन्ही तुकडे पुन्हा कुठेही मोडा, मग चारही तसेच. झाडात हेच घडतं: पहिली नोंद बाकीच्यांना कुठेतरी दुभागते, मग प्रत्येक गटाची पहिली नोंद त्या गटाला. आता विचारा, किती पिढ्यांनंतर सगळ्यात मोठा तुकडासुद्धा एका नोंदीएवढा बारीक होतो? एखाद्या तुकड्याच्या वाट्याला दर पिढीला मोठाच भाग येणं, हे नशीब दुर्मीळ. पण तुकडे दर पिढीला दुप्पट होतात, त्यामुळे असा एखादा नशीबवान निघण्याची संधीही दुप्पट होते. या दोघांची चढाओढ जिथे बरोबरीला येते, तिथे उंची ठरते. वंशवेलीत पिढ्यांनंतर कोण सगळ्यात पुढे निघतो, याचं गणित १९७० च्या दशकात हॅमर्सली, किंगमन आणि बिगिन्स यांनी तयार ठेवलं होतं. डेव्रॉय यांनी ते झाडाला लावलं आणि संख्या निघाली तीच: ४.३११. वरची मर्यादा पोकळ नव्हती.

तरी एक धागा लोंबकळत होता. रॉबसन यांना प्रयोगांत दिसलं होतं की एवढ्याच नोंदींची झाडं पुन्हा पुन्हा बांधली तरी उंची फारशी हलत नाही, आणि नोंदी वाढवल्या तरी हा चढउतार वाढत नाही. हे सिद्ध व्हायला २००३ साल लागलं. त्या वर्षी ब्रूस रीड आणि मायकेल ड्रमोटा यांनी, दोघांनी आपापल्या वाटेने, ते दाखवलं. रीड यांनी आणखी एक दुरुस्ती नेमकी करून दिली: मुख्य पदातून लॉगॅरिदमच्या लॉगॅरिदमच्या सुमारे १.९५ पट वजा करायचे. दहा लाख नोंदींना मुख्य पद देतं जवळपास ६०, दुरुस्ती काढते ५, आणि वर एक मर्यादित फरक. प्रत्यक्षात झाड पन्नाशीच्या आसपास थांबतं. नीट झाड २०, सरासरी वाट २५, सगळ्यात वाईट वाट पन्नासेक. शीर्षकातले तीन आकडे हेच.

पण हे सगळं एका अटीवर उभं आहे: क्रम खरोखर पिसलेला हवा. आणि ती अट दोन प्रकारे मोडते.

पहिला प्रकार उघड आहे. हजेरीपट, फोनमधले कॉन्टॅक्ट, तारखेनुसार आलेल्या नोंदी, हे सगळं आधीच क्रमाने लावलेलं असतं, आणि झाडाची शिडी होते. दुसरा प्रकार लबाड आहे, आणि त्याने भल्याभल्यांना चकवलं. १९६२ मध्ये हिबर्ड यांनी दाखवलं होतं की पिसलेल्या झाडातून यादृच्छिकपणे निवडलेली एक नोंद काढली, तरी उरलेलं झाड पिसल्यासारखंच राहतं. त्यावरून सगळ्यांनी धरून चाललं की घालणं आणि काढणं चालू ठेवलं तरी बिघडणार नाही. १९७५ मध्ये गॅरी नॉट यांच्या लक्षात आलं की काढल्यानंतर नवी नोंद घातली की हा गुण टिकत नाही. कारण झाडाचा आकार पिसल्यासारखा दिसला तरी त्यात कोणत्या नोंदी उरल्या आहेत, हे आकाराशी गुंतलेलं असतं. १९८३ मध्ये जेफ्री एपिंगर यांनी कंप्युटरवर लाखो वेळा नोंदी घालून-काढून पाहिल्या. आधी झाड थोडं सुधारलं, मग हळूहळू पिसलेल्या झाडाहूनही बिघडलं. कारण साधं आहे. हिबर्ड यांच्या पद्धतीत दोन्ही बाजूंना फांद्या असलेली नोंद काढली की तिच्या जागी नेहमी उजव्या बाजूची पुढची नोंद आणतात. दर वेळी उजवीकडूनच उचललं की झाड एका बाजूला कलणारच. १९८५ मध्ये जोसेफ कल्बरसन यांनी एका सोप्या प्रतिकृतीत दाखवलं की दीर्घकाळानंतर सरासरी वाट वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. दहा लाखाचं वर्गमूळ हजार. कुठे पंचवीस आणि कुठे हजार!

मग करायचं काय? सोपा उपाय म्हणजे नोंदी आधी स्वतः पिसून मग घालायच्या. सगळ्या नोंदी एकदम हातात नसतील तर सेसिलिया अॅरागॉन आणि रायमुंड सायडेल यांची १९८९ ची युक्ती आहे, तिला ट्रीप म्हणतात. येणाऱ्या प्रत्येक नोंदीला आपणच एक चिठ्ठी द्यायची, तिच्यावर यादृच्छिक आकडा. मग झाड असं फिरवून ठेवायचं की जणू नोंदी चिठ्ठ्यांच्या क्रमानेच आल्या. खऱ्या नोंदी चढत्या आल्या काय, मधल्या काढल्या काय, झाडाचा आकार चिठ्ठ्या ठरवतात. त्यामुळे गेल्या पाच मिनिटांतलं सगळं गणित तिथे जसंच्या तसं लागू पडतं, नोंदी काढल्यानंतरसुद्धा.

आणि तुमच्या हातात एखादं साधं सर्च ट्री असेल, तर तपासणी घरच्या घरी करता येते. उंची मोजा आणि तिला दुप्पट-पायऱ्यांनी भागा. उत्तर दोन-अडीचच्या आसपास आलं तर निर्धास्त राहा. साडेतीनच्या पुढे गेलं, म्हणजे दहा लाख नोंदींना ७० थरांहून जास्त, तर नशिबाला दोष देऊ नका. तसं नुसत्या योगायोगाने होण्याची शक्यता सात हजारांत एकाहून कमी, हे आपण आत्ताच मोजलं. तुमच्या नोंदी पिसलेल्या नाहीत. त्या कुठून आणि कुठल्या क्रमाने येतायत, ते शोधा.

आजच्यापुरतं एवढंच. तीन नोंदींचा गुणांचा हिशोब कागदावर एकदा करून बघा, आणि जमलं तर चार नोंदींचाही. सरासरी ३५ यायला हवी. आली की कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात!